शिनोळीच्या पुढे ४० लाख चालत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या महिला पुरवणीतला खाद्यव्यवसायाच्या परवान्यांवरचा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसले होते, पण भलतंच काही लिहून जाईन म्हणून सकाळच्या चहापर्यंत थांबले. राग तेवढाच आहे.

लेखात 'गुमास्ता' काढा, 'आपले सरकार'वर अर्ज करा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जा, असं सांगितलंय. लेखक पुण्याकडचे असावेत, त्यांचा दोष नाही. पण बेळगाव आवृत्तीत तो जसाच्या तसा लावताना कुणाला एवढंही सुचू नये? आम्ही मनाने कुठेही असलो तरी अर्ज कर्नाटक सरकारकडेच करावे लागतात. इथे दुकानाची नोंदणी कर्नाटकच्या कामगार खात्याकडे होते. धंद्याचा परवाना शहरात महापालिकेचा आणि खेड्यात ग्रामपंचायतीचा. अन्न सुरक्षेचा साहेब म्हणजे 'अंकित अधिकारी', हा शब्द तुमच्या लेखात औषधालाही नाही.

हे मी एकवेळ सोडून दिलं असतं. पण 'उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीचा विचारही करू नका' ही चौकट मात्र सोडवत नाही, कारण याच वाक्याने आमची २०२३ ची दिवाळी खाल्ली.

मी आणि माझी जाऊ टिळकवाडीत घरच्या घरी उडदाचे पापड आणि बेसनाचे लाडू करतो. पापड दोन वर्षं हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या एका किराणा दुकानात जात होते, कधी कुणी हूं की चूं केलं नाही. त्या दिवाळीला दुकानदार म्हणाला, वहिनी, लाडूही पाठवा. २८ ऑक्टोबरला ६० किलो लाडू टेंपोने पाठवले. ३८० रुपये किलोने २२,८०० रुपयांचं साधं बिल केलं. राज्याच्या हद्दीवर शिनोळीला कुणी अडवलं नाही, आणि अडवायचं कारणही नव्हतं, कारण मालवाहतुकीचं ई-वे बिल सहसा ५० हजारांवरच्या मालाला लागतं. अडलं ते दुकानदाराच्या हिशेबनिसाकडे. तो म्हणाला, दुसऱ्या राज्यातून माल आलाय आणि बिलावर जीएसटी नंबर नाही, मी हे वहीत घेत नाही. पैसे थांबले. आम्ही आमच्या कर सल्लागाराला फोन केला. तो हसून म्हणाला, "अहो, ४० लाखांच्या आत काही लागत नाही." अगदी तुमच्या चौकटीतलं वाक्य!

खरं काय ते दुसऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं. ४० लाखांची सवलत आपल्याच राज्यात माल विकणाऱ्याला आहे. करपात्र माल राज्याची हद्द ओलांडून विकला की केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम २४ लागतं आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होते. मग पापड कसे चालले? पापडावर करच नाही, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची गरज नसते. लाडू मिठाईत मोडतात, त्यावर ५ टक्के. एकाच टेंपोतून, एकाच दुकानात गेलेला माल, पण पापडाला कायदा नाही आणि लाडवाला आहे. बंगळूरच्या किंवा नागपूरच्या बाईला हा प्रश्न कधीतरी पडेल, आमच्याकडे तो पहिल्याच ऑर्डरला दारात उभा असतो. निपाणीवाल्याचं गिऱ्हाईक कागलला, खानापूरवाल्याचं गोव्यात.

आमचं नशीब एवढंच की दिवस शिल्लक होते. नोंदणीची जबाबदारी सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज केला तर नोंदणी त्या पहिल्या दिवसापासून धरतात आणि आधी दिलेल्या बिलाच्या जागी सुधारित बिल देता येतं. आम्ही २० नोव्हेंबरला, म्हणजे २३ व्या दिवशी, gst.gov.in वर अर्ज टाकला. सरकारी फी शून्य. जागेच्या पुराव्याचं हेस्कॉमचं वीजबिल सासूबाईंच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतिपत्र जोडलं. नंबर आल्यावर १,१४० रुपये कर दाखवून सुधारित बिल दिलं, तेव्हा कुठे पैसे सुटले. तोवर दिवाळी होऊन गेली होती.

आणि नंबर घेतला म्हणजे संपलं असंही नाही, हे तर लेखात कुठेच नाही. एकदा नोंदणी झाली की टिळकवाडीत शेजारणीला विकलेल्या लाडवावरही कर भरावा लागतो. लहान धंद्यासाठी कमी कराची जी कंपोझिशन योजना आहे, ती राज्याबाहेर माल पाठवणाऱ्याला मिळत नाही. विक्री नसली तरी विवरणपत्र भरायचंच, नाहीतर दिवसागणिक विलंब शुल्क. म्हणून चंदगडचा माणूस बेळगावात येऊन रोखीने दोन किलो घेऊन गेला तर ती विक्री इथलीच, पण आपण टेंपोत घालून दुकानाला पाठवले तर ती हद्दीपलीकडची, हा फरक आधी कळायला हवा. आणि हो, ४० लाख हे मालाचे. खानावळ किंवा डबे म्हणजे सेवा, तिथे २० लाख.

तेव्हा कुठले कागद लागतात हे ठरवायचं तर 'पाच परवान्यांची यादी' कामाची नाही. काय करता, कुठे बसून करता आणि ते कुठे जातं, एवढं आधी कागदावर लिहायचं. दुसऱ्यावरून दुकानाची नोंदणी आणि धंद्याचा परवाना, तिसऱ्यावरून जीएसटी, हे वर आलंच. पहिल्यावरून अन्न सुरक्षेची नोंदणी ठरते. आमच्या वेळी वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असेल तर वर्षाला १०० रुपयांत foscos.fssai.gov.in वर होत होती. मर्यादा बदलतात, त्या दिवशीचा आकडा तिथेच बघावा. आमच्या एजंटाने मात्र अडीच हजार घेतले आणि वर 'उत्पादक'ऐवजी 'किरकोळ विक्रेता' निवडून ठेवलं. लाडू आम्ही करतो, आणून विकत नाही! ते बदलून घेण्यात महिना गेला. नंबर आला की बघावं, चौदा आकडी नंबर २ ने सुरू झाला तर नोंदणी, १ ने झाला तर परवाना, आणि पुढचे दोन आकडे १२ असले तर कर्नाटक. पाकिटं आधीच भरून विकत असाल तर वजनमाप खात्याची पॅकर म्हणून नोंदणीही लागते, पाकीटबंदी सुरू केल्यापासून ९० दिवसांत. ती तर आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हती.

बसलेच आहे लिहायला तर हेही सांगते. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, हा २०२४ चा नियम तुमच्या लेखातल्या 'पाटी आकर्षक करा' या सल्ल्यात बसवून दाखवा. आमचा रंगारी दोनदा पाटी पुसून तिसऱ्यांदा पैसे मागायला आला होता.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापा. आतल्या पानावर श्रद्धांजलीच्या जाहिरातींखाली नको.

आपली एक जुनी वर्गणीदार,
टिळकवाडी, बेळगाव