गाळाचं काम संपलं, सांडवा बाकी आहे : समाप्ती अहवाल आणि मदतीचं आवाहन

सर्व ग्रामस्थांना, आणि गलाईच्या धंद्यासाठी आटपाडी तालुका सोडून देशभर पांगलेल्या आपल्या गावच्या सर्व बंधू-भगिनींना, पाझर तलाव समितीचा सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात आपण सर्वांनी मिळून तलावातला गाळ काढला. त्या कामाचा हिशेब बंद करून समाप्ती अहवाल ग्रामसभेपुढे ठेवला आहे. अहवाल आम्ही ट्रॅकरच्या शेवटच्या आकड्यांवरून लिहिला, आणि लिहिता लिहिता आमच्या काही चुका आमच्याच लक्षात आल्या. आपण पैसे दिलेत, तेव्हा त्या चुका आपल्याला आधी कळायला हव्यात. मदत पुन्हा मागतो आहोत, तीही त्यातल्याच एका चुकीपोटी.

ट्रॅकर म्हणजे समितीच्या मोबाइलवरचं एक साधं पत्रक. तलावाच्या वाटेवर बाभळीखाली आपल्याच गावातली एक कॉलेजची मुलगी वही घेऊन बसायची. ट्रॉली भरून बाहेर पडली की एक रेघ, पाचव्या ट्रॉलीला चार रेघांवर आडवी रेघ. संध्याकाळी त्या पानाचा फोटो ग्रुपवर यायचा आणि रात्री आकडा पत्रकात चढायचा. एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर, असं पत्रकात पहिल्या दिवशीच बसवलं होतं. काम थांबलं तेव्हा ४,२१२ खेपा झाल्या होत्या. गुणाकार केला तर जवळपास ११,९२० घनमीटर गाळ निघालेला दिसत होता. उद्दिष्ट १२,००० घनमीटरचं होतं. पत्रकातली पट्टी हिरवी झाली आणि आपण पेढे वाटले.

पण काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर अशी दोनदा आपण ऑटो लेव्हल लावून तलावाची मोजणी करून घेतली होती. तळाला दर दहा मीटरवर पट्टी उभी करून खोली घ्यायची, आणि दोन्ही वेळच्या खोलीतल्या फरकावरून प्रत्यक्ष किती माती उचलली गेली ते काढायचं. ती मोजणी सांगते की तलावातून ७,९०० घनमीटर गाळ निघाला. म्हणजे आपल्या समजुतीच्या दोन तृतीयांशच.

हा आकडा हातात आला तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात आलं की खेपा खोट्या लिहिल्या. तसं नाही. वहीतली पानं आणि शेतकऱ्यांच्या सह्या आम्ही एकेक करून ताडून पाहिल्या, खेपा खऱ्या आहेत. फरक दोन ठिकाणी आहे. ट्रॉली वर काढताना चढ होता, ओला गाळ मागे सांडायचा, म्हणून चालक शिगोशीग भरूच देत नव्हते. शेवटच्या आठवड्यात आम्ही दहा ट्रॉल्या टेप लावून मोजल्या, सरासरी ८३ घनफूट भरली. ब्रास म्हणजे १०० घनफूट. दुसरी गोष्ट घराचा पाया खणलेल्या कुणालाही ठाऊक आहे : खड्ड्यातून काढलेली माती परत त्याच खड्ड्यात मावत नाही, कारण सुटी झाली की ती फुगते. एक मीटर लांब, रुंद आणि खोल असा खड्डा घेऊन त्यातला गाळ ट्रॉलीत टाकून पाहिला, तो सव्वा घनमीटर भरला. आता हिशेब मांडून बघा. ११,९२० चे ८३ टक्के घेतले आणि सव्वानं भागलं की उत्तर ७,९१५ येतं. मोजणीशी ते जुळलं, तेव्हा आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

खेपा मोजून जो खर्च घनमीटरला ४० रुपयांच्या आत दिसत होता, तो खरा जवळपास ६० रुपये पडला. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी दहा ट्रॉल्या मोजायच्या, एक खड्डा मोजायचा आणि तो गुणक पत्रकात बसवायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते केलं असतं तर एप्रिलमध्येच कळलं असतं की आपण मागे आहोत.

पोकलेनचं भाडंही अंदाजाबाहेर गेलं. डिझेलसह तासाला २,४०० रुपये ठरले होते आणि १५० तास धरले होते. आवर मीटरवर १७२ तास झाले. एक ट्रॉली भरायला दोन मिनिटं लागतात. भरलेली ट्रॉली शेतात जाऊन रिकामी होऊन परत रांगेला लागेपर्यंत, भरण्याची दोन मिनिटं धरून, सरासरी २४ मिनिटं. म्हणजे मशीन सतत चालतं ठेवायला बारा ट्रॅक्टर हवेत. लग्नसराईच्या दिवसांत सात-सातच येत होते. तेव्हा २४ मिनिटांपैकी १० मिनिटं पोकलेन नुसती धडधडत उभी, आणि मीटर पळतच होता. पूर्ण वेगानं तासाला ३० खेपा होऊ शकल्या असत्या, आपल्याला सरासरी साडेचोवीस मिळाल्या. ३० तासांहून जास्त भाडं म्हणजे सुमारे ७५ हजार रुपये असे वाया गेले. आदल्या संध्याकाळी बारा ट्रॅक्टरची नावं पक्की नसतील तर मशीन चालूच करायचं नाही, असा ठराव समितीनं आता केला आहे.

गाळाबद्दल एक गोष्ट शेतकरी बांधवांना तातडीनं सांगायची आहे. ज्वारी-बाजरीच्या हलक्या रानात गाळ पडला तिथं चांगलंच आहे. पण काही जणांनी डाळिंबाच्या बागेत खोडापर्यंत गाळ भरला. डाळिंबाला निचऱ्याची जमीन लागते. चिकट गाळानं पाणी धरून ठेवलं की मर रोगाला वाट मिळते. खोडाजवळचा गाळ पावसाआधी ओढून काढा. हे वाटपाच्या वेळीच सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

आता सांडव्याकडे येतो.

आपला तलाव १९७२च्या दुष्काळी कामातला. सांडव्याचे दोन्ही टोकांचे घडीव दगड अजून जागेवर आहेत, पण मधला चौदा मीटरचा भाग खचला आहे. आपण तो वर्षानुवर्षं पाहत आलो, पोरं तिथूनच उड्या मारतात. आराखड्यात सांडव्याची दुरुस्ती होती, पण शेवटच्या ओळीत. पत्रक खेपांचं, आणि सांडव्याच्या खेपा होत नाहीत. त्यामुळे त्या ओळीपुढे चार महिने ‘बाकी’ एवढंच राहिलं, आणि रोज रात्री आमचं सगळ्यांचं लक्ष खेपांच्या आकड्यावर.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी लेव्हल लावणाऱ्या मुलानं सहज पट्टी सांडव्यावरही उभी केली. टोकाच्या दगडावर एक वाचन, मधल्या खचलेल्या भागात दुसरं. फरक ४५ सेंटिमीटर. त्यानं तिथंच वहीवर हिशेब केला. भरलेल्या तलावाचा वरचा पसारा साधारण १.८ हेक्टर, म्हणजे १८,००० चौरस मीटर. त्यावरचं ४५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ८,१०० घनमीटर, ८१ लाख लिटर. तलाव मूळ पातळीला पोचायच्या आधीच एवढं पाणी त्या खाचेतून ओढ्याला लागतं.

चार लाख सत्तर हजार रुपये खर्चून गाळ काढून आपण ७९ लाख लिटरची जागा केली. सांडव्याची खाच बुजवली तर ८१ लाख लिटर अडतं. आणि त्याचा खर्च, अंदाजपत्रकाप्रमाणे, १,७२,००० रुपये. घनमीटरला २१ रुपये. सांडवा आधी आणि गाळ नंतर, हा क्रम आपण उलटा केला. आमच्याकडून झालेली सगळ्यात मोठी चूक ही. अर्थात ज्या वर्षी ओढाच वाहिला नाही त्या वर्षी सांडव्याचा काही उपयोग नाही, हेही अहवालात लिहिलं आहे. पण ज्या वर्षी तलाव भरतो, त्या वर्षीचं पाणी आपण डोळ्यांदेखत सोडून देतो आहोत.

नुसती खाच भरून भागणार नाही. सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्यानं पायथा उकरला, म्हणून वरचे दगड घसरले. पायथा तसाच ठेवून वर बांधकाम केलं तर दोन पावसाळ्यांत तेही जाईल. त्यामुळे खर्चातले ५८,००० रुपये माथ्याच्या बांधकामाला, ८२,००० खालच्या काँक्रीटच्या फरसबंदीला आणि ३२,००० बाजूच्या भिंतीला आहेत. माथा टोकाच्या जुन्या दगडांच्या पातळीलाच आणायचा, बोटभरही वर नाही. जास्त पाण्याच्या हव्यासानं सांडवा उंच केला तर पुराच्या वेळी पाणी मातीच्या भरावावरून जाईल आणि तलावच फुटेल. कुणी कितीही आग्रह केला तरी समिती ते करणार नाही.

पैशाचा हिशेब असा. आपल्याकडून ५,१२,५०० रुपये जमा झाले. पोकलेनला ४,१२,८००, मशीन ट्रेलरवरून दोनदा आणण्या-नेण्याला २४,०००, मोजणीला १५,००० आणि ट्रॅक्टरच्या वाटेवर मुरूम टाकायला १८,५०० असे ४,७०,३०० खर्च झाले. ट्रेलर आणि मुरूम आराखड्यात धरलेच नव्हते. शिल्लक ४२,२०० रुपये बँकेत आहेत. सांडव्यासाठी अजून १,२९,८०० रुपये हवेत.

एवढ्यासाठी आपल्यापुढे हात पसरतो आहोत. ज्यांनी गेल्या वर्षी दिलं त्यांनीच पुन्हा द्यावं असा आग्रह नाही. जे तेव्हा राहून गेले त्यांनी आता पुढे यावं. पैसे समितीच्या बँक खात्यातच भरावेत, खात्याचा तपशील जुन्या पावतीवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर आहे. रोख कुणाच्याही हातात देऊ नका, समितीतल्या माणसाच्याही नाही. गावात असणाऱ्यांकडून डबर, वाळूची खेप आणि पाणी मारायला माणूस चालेल. त्याची किंमत धरून पावती मिळेल. सांडव्याचं बांधकाम जाणणारे कुणी निवृत्त अभियंते किंवा जुने गवंडी आपल्या ओळखीत असतील तर त्यांचे दोन दिवस आम्हाला पैशाइतकेच मोलाचे आहेत.

बांधकामाला किमान एकवीस दिवस पाणी मारावं लागतं आणि जूनमध्ये ओढ्याला कधी पाणी येईल सांगता येत नाही. म्हणून १५ एप्रिलला पाया उकरायला घ्यायचा आहे, आणि त्यासाठी मार्चअखेर रक्कम हातात हवी. या वेळच्या पत्रकात खेपांचा रकानाच नाही. माथ्याची पातळी, वापरलेली सिमेंटची पोती आणि पाणी मारल्याचे दिवस, एवढे तीनच रकाने आहेत. काम झाल्यावर टोकाच्या दगडावर आणि मधल्या भागात पुन्हा पट्टी उभी करू. दोन्ही वाचनांचा फोटो ग्रुपवर येईल आणि फलकावरही लागेल.

आपली,
पाझर तलाव समिती