आजोबांचा दाखला आणा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत एका लेखकाला वरच्या जातीतल्या आपल्या जन्माची लाज वाटली आणि मंगळवारी एका वाचकाने 'आम्हाला सगळं गुणवत्तेवर मिळालं' असं ठणकावलं. एकाचे डोळे पुसा, दुसऱ्याची पाठ थोपटा. जात आणि आरक्षण या विषयाला आपल्या अंकात तेवढीच जागा उरली आहे का?

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, लोकांचे फॉर्म भरून देतो. आमच्या इमारतीच्या वॉचमनच्या मुलीला इंजिनिअरिंगला भटक्या जमातीच्या जागेवर प्रवेश मिळाला. जातीचा दाखला होता, पण जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर ती जागा जाते. हे लोक नंदीवाले. भटक्या जमातींना जातीचा आणि महाराष्ट्रातल्या कायम वास्तव्याचा पुरावा लागतो तो 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. तेव्हा हिचे आजोबा नंदी घेऊन गावोगाव फिरत होते. कायम वास्तव्य कुठलं दाखवणार?

जात पडताळणी कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा." मी म्हटलं, "शाळेत कुणी घातलंच नाही, तर सोडणार काय?" त्यांनी शांतपणे पुढचं विचारलं, "मग वडिलांकडच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी?" घराण्यात इथवर पोचलेली ही पहिलीच! शेवटी गावाकडच्या शाळेत जुनी दाखल-खारीज रजिस्टरं उलटून एका चुलत आजोबांची नोंद सापडली. जातीच्या रकान्यात लिहिलंय : हिंदू. बस्स.

माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट आहे, वाड्याचा उतारा आहे, छापील कुलवृत्तांतही आहे. तीन-चार पिढ्यांचा पुरावा अर्ध्या तासात निघेल. सत्तरी आली, पण तो मला कधी कुणी मागितला नाही. कॉलेजात मार्कशीट दाखवली की काम झालं. पेटीकडे त्या नजरेने मी पाहिलं ते या मुलीचे कागद जुळवताना. खोटे दाखले निघतात म्हणून पडताळणी हवी, हे मान्य. पण खोटा दाखला काढणाऱ्याला कागदांची टंचाई पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मंगळवारच्या वाचकांची गुणवत्ता खरीच असेल. त्यांनी फक्त घरातला सर्वांत जुना शाळेचा दाखला काढून त्यावरचं साल बघावं. आणि रविवारच्या लेखकांना लाज वाटते तर वाटो, त्याने रजिस्टरातला रकाना भरत नाही. त्यांना वेळ असेल तर आमच्याकडे शपथपत्रं लिहायची पडली आहेत. दक्षता पथक गृहचौकशीला केव्हा येणार ते अजून कळलेलं नाही, आणि कॉलेजची मुदत काही थांबायची नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. : हे पत्र कापायचंच असेल तर 1961 ची तारीख तेवढी ठेवा. पाणीपट्टीवरच्या माझ्या पत्रातून आपण नेमके आकडे उडवलेत आणि छापली ती नुसती कुरकुर.