कुंडीतली पांढरी बुरशी आणि पिवळ्या छत्र्या

प्रिय आई-बाबा,

बाबांनी पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून नीट पाहिले. आईचा प्रश्न एकच आहे, कुंड्या फेकायच्या का? म्हणून उत्तर आधी देते. मनी प्लांटची कुंडी मुळीच फेकू नका. टोमॅटोच्या कुंडीबद्दल मात्र नुसता हा फोटो पाहून मी काही सांगणार नाही. तिथे जे पाहायला हवं, तेच फोटोत आलेलं नाही.

आधी मनी प्लांट. मातीवर कापसाचा पातळ थर पसरल्यासारखं जे दिसतंय, ती साधी बुरशी आहे. कुंडीच्या मिश्रणात कोकोपीट, शेणखत, पालापाचोळा असं कुजणारं बरंच काही असतं. ही बुरशी त्यावर जगते, जिवंत मुळं खात नाही. तिच्यातूनच त्या लिंबासारख्या पिवळ्या इवल्या छत्र्या उगवल्या आहेत. कुंड्यांमध्ये उगवणारी ही अगदी ओळखीची जात आहे, शास्त्रीय नाव ल्युकोकॉप्रिनस बर्नबाउमी. टोपीवर पिवळी भुकटी आणि कडेला बारीक चुण्या दिसतात. एक-दोन दिवसांत ती मान टाकते आणि सुकून जाते. झाडाला तिचा काही त्रास नाही. पोटात गेली तर मात्र उलट्या-जुलाब होऊ शकतात. ताईचं बाळ आता रांगत सगळीकडे पोहोचतं, म्हणून छत्र्या दिसल्या की टोपी उघडायच्या आधीच देठासकट उपटा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि हात धुवा. पुन्हा उगवल्या तर घाबरू नका. वर दिसते ती फक्त छत्री, बुरशीचं जाळं खाली मातीत तसंच राहतं. आणि कुठलीही छत्री फोटोवरून खाण्याजोगी ठरवायची नाही, माझ्या सांगण्यावरूनसुद्धा नाही.

बाबांनी फोटो फ्लॅश लावून वरून काढलाय. तसा काढला की सगळं पांढरं सपाट दिसतं, आणि कुंडीतलं प्रत्येक पांढरं बुरशीच असतं असं नाही. या फोटोत कुंडीच्या आतल्या काठावर एक पांढरी रेघ आहे, ती बहुतेक क्षारांची आहे. पाण्यातले आणि खतातले क्षार पाणी उडून गेलं की मागे राहतात. टूथपिकने खरवडून पाहा. कडक पापुद्रा निघाला किंवा चुरा पडला तर क्षार, बारीक तंतू ओढले गेले तर बुरशी. आणि मऊ मेणचट पुंजका चिरडल्यावर ओलसर डाग पडला तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड. तिचा इलाज वेगळा आहे. हे पुंजके बहुधा पानांच्या बेचक्यात आणि मुळांवर सापडतात, मातीवर सपाट पसरलेले नसतात.

क्षार असले तर वरची एक-दोन सेंटीमीटर माती काढून नवी घाला आणि एकदा भरपूर पाणी देऊन ते खालच्या भोकांतून वाहू द्या.

बुरशी निरुपद्रवी आहे, पण ती काहीतरी सांगते आहे, आणि ते बाबांसाठी आहे. बाबा, तुम्ही त्या मनी प्लांटला फार पाणी घालता. वरची माती सतत ओली आणि हवा खेळत नसली की बुरशी फोफावते, आणि तशाच ओल्या मातीत पुढे मुळं कुजू शकतात. तेव्हा बोट दोन-तीन सेंटीमीटर आत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. कुंडी खिडकीच्या जवळ आणा आणि बशीत साठलेलं पाणी ओतून द्या. बुरशीचा थर काढायचा असेल तर आधी थोडं पाणी शिंपडा, म्हणजे बीजाणू उडणार नाहीत. मग चमच्याने वरची माती उचला. हे काम आईने करावं, बाबांनी नाही. बाबांचा दमा लक्षात घेता तोंडाला मास्क लावूनसुद्धा त्यांना यात पडू देऊ नकोस. बुरशीनाशक औषधाची इथे काही गरज नाही.

आता टोमॅटो. बाबा म्हणतात दुपारी पानं मलूल होतात आणि संध्याकाळी पूर्वीसारखी सावरत नाहीत. माती तर ओली आहे. फोटोत खोडाच्या बुडाशी पांढरं काहीतरी दिसतं, पण सुकलेल्या पानांनी ते झाकलंय. मनी प्लांटमधलं पांढरं मातीवर आहे आणि झाड ठणठणीत आहे. इथलं पांढरं खोडाला चिकटलेलं असेल आणि झाड ओल्या मातीत मलूल होत असेल, तर मला स्क्लेरोशियम रॉल्फसाय या बुरशीची शंका येते. ती जिवंत खोडावरच हल्ला करते, अगदी मातीच्या रेषेवर. उष्ण आणि दमट हवेत ती झपाट्याने वाढते, आणि टोमॅटोलाही ती लागते. तिची खूण सांगते: खोडाभोवती पांढरे, पंख्यासारखे पसरलेले तंतू, आणि त्यांत मोहरीएवढे गोल दाणे. दाणे आधी पांढरे असतात, मग तपकिरी होतात. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, म्हणून ही माती दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही.

उद्या सकाळी खिडकीच्या उजेडात फ्लॅश बंद करून तीन फोटो काढा. खोडाच्या बुडाशी पडलेली पानं बाजूला करून पहिला फोटो मातीच्या पातळीला मोबाईल धरून घ्या, शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. दुसरा तिथूनच आणखी जवळून, दाणे आहेत का ते पाहायला. तिसरा पूर्ण झाडाचा. फोटो झाल्यावर आईने नखाने बुडाजवळची साल हळूच दाबून पाहावी. ती मऊ, तपकिरी आणि सहज सुटणारी असेल तर ते मला लगेच कळवा.

दाणे किंवा कुजलेली साल सापडली तर झाड वाचवायच्या मागे लागू नका. झाड आणि सगळी माती पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, खतात नाही. कुंडी साबणाने धुऊन, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून त्यात दहा मिनिटं बुडवा, पुन्हा धुवा आणि उन्हात वाळवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचचा वास बाबांपर्यंत जाऊ देऊ नका. दाणे नसले, साल घट्ट असली, तर मुळं तपासू. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी, मऊ, वास येणारी मुळं म्हणजे पाणी जास्त झालं, बुडाशी काय पांढरं आहे ते मग गौण.

फोटो येईपर्यंत टोमॅटोला पाणी घालू नका, आणि त्या कुंडीतली खुरपी मनी प्लांटच्या मातीत नेऊ नका.

तुमची,
मनू