पिग्मीचा मेळ रोज बसत होता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सहकारी बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना उद्देशून कालच्या अंकात आलेला मजकूर मी बातमी समजून चहा गार होईपर्यंत वाचला. भिंग लावल्यावर कोपऱ्यात 'जाहिरात' हा शब्द सापडला. तो जरा ठळक छापायला शाई फार लागते का?

असो. पिग्मी गोळा करण्याचं अ‍ॅप विकणाऱ्या त्या कंपनीने सभासदांच्या विश्वासाच्या गप्पा मारता मारता कॉसमॉस बँकेची आठवण काढून मॅनेजर मंडळींना घाबरवलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉसचे ९४ कोटी गेले ते एटीएमच्या व्यवहारांत आणि परदेशी पैसे पाठवायच्या स्विफ्ट यंत्रणेत घुसखोरी होऊन. मंडईतल्या फुलवालीच्या रोजच्या दोनशे रुपयांशी त्याचा संबंध काय? तिचे पैसे चोरायला संगणकात शिरावंच लागत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

मी एका नागरी सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडेही असंच यंत्र आलं होतं. एजंटच्या खांद्याला छोटा प्रिंटर, हातात मोबाईल, आणि एंट्री झाली की खातेदाराला लगेच एसएमएस. आठ महिने सगळं छान चाललं. गणपतीच्या तोंडावर एक फुलवाली मावशी पैसे काढायला आल्या. रोजचे दोनशे, महिन्याचे पंचवीस दिवस, आठ महिने, म्हणजे त्यांच्या हिशेबाने चाळीस हजार. खात्यावर होते तीस हजार.

"साहेब, तुमचं मशीन खोटं बोलतंय," मावशी म्हणाल्या. मी मशीनची बाजू घेतली, कारण एजंटचा मेळ एकही दिवस चुकला नव्हता. यंत्रातली बेरीज आणि काउंटरवरचा भरणा रुपयाला रुपया जुळत होता. पावत्या मागितल्या तर त्यांनी पिशवीतून ओल्या झेंडूला चिकटलेली चार-पाच चिटोरी काढली. थर्मल कागद तो, अक्षर पार उडालेलं. बाकीच्या दिवशी म्हणे "रोल संपलाय मावशी."

"मग मेसेज बघत नाही का?"
"कसला मेसेज?"

खात्यावर नोंदलेला नंबर काढला आणि टेबलावरच्या फोनवरून लावला. रिंग वाजली ती कॅश काउंटरपाशी, नोटा मोजत उभ्या असलेल्या आमच्या एजंटच्या खिशात.

खातं उघडताना फॉर्म त्यानेच भरला होता, नंबरही स्वतःचाच घातला होता. मावशी दोनशे द्यायच्या, तो दीडशेची एंट्री करायचा आणि दीडशेच भरायचा. मेळ बसणारच, दोन्ही आकडे एकाच हातातून येत होते. खातेदारांची यादी मोबाईल नंबरप्रमाणे लावल्यावर तो नंबर नऊ खात्यांवर निघाला, त्याच्या बायकोचा आणखी पाचांवर. ही यादी काढायला मला दहा मिनिटं लागली. आधी आठ महिने ती काढायचं सुचलं नाही, ही चूक माझीच.

आता कालच्या जाहिरातीत काय आहे? २५६ बिटचं कूटलेखन, क्लाउड, एजंट कुठल्या गल्लीत आहे ते दाखवणारा नकाशा. आमचा एजंट रोज वेळेवर योग्य त्याच गल्लीत होता हो! मॅनेजरांनी विचारावं ते वेगळंच. एकच नंबर अनेक खात्यांवर असेल तर तुमचं अ‍ॅप सांगतं का? नवरा, बायको, मुलगा यांचा नंबर एक असू शकतो, ती खाती वगळा. पण आडनाव वेगळं, पत्ता वेगळा आणि नंबर एक असेल तर शाखेतल्या माणसाने खातेदाराकडे जाऊन शिल्लक विचारायला हवी, आणि तीही एजंटला न सांगता. नंबर बदलायचा अधिकार एजंटच्या लॉगिनला आहे का? नंबर नोंदवताना त्यावर ओटीपी पाठवून तो काउंटरवर, खातेदाराच्याच हातातल्या फोनवर बघता का? आणि तो मेसेज मराठीत जातो का? मावशींचा खरा नंबर नोंदवल्यावर त्यांना जे इंग्रजी आलं, ते वाचून घ्यायला त्या शेजारच्या नारळवाल्याकडे जायच्या.

मावशींचे दहा हजार बँकेने भरून दिले. तरी पुढच्या महिन्यात त्यांनी खातं बंद केलं. मी थांबवायचा प्रयत्न केला, पण काय तोंडाने सांगणार?

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी,
सदाशिव पेठ, पुणे

ता. क. : माझं स्वतःचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं पासबुक छापायचं यंत्र दिवाळीपासून बंद आहे. विचारलं की "काका, अ‍ॅपवर बघा ना" म्हणतात. त्या यंत्राबद्दलही कधी अर्धं पान छापा, जाहिरात म्हणून चालेल.