उत्तम शुक्रवार

पुणे,
शनिवार, ४ एप्रिल २०२६

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

काल सकाळी तुझा मेसेज आला, गुलाबाच्या फोटोसकट, 'हॅपी गुड फ्रायडे'. अर्ध्या तासाने तू तो उडवलास आणि विचारलंस, "अरे, ह्याला हॅपी म्हणतात का? आणि माणसाला खिळे ठोकून मारलं तो दिवस गुड कसा?" मी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर होतो, म्हणून नुसता अंगठा पाठवला. आज घरात सगळे गप्प आहेत, स्वयंपाकही जेमतेम. तेव्हा आता सविस्तर लिहितो.

हॅपी म्हणत नाहीत. पण त्यात तुझी चूक नाही, तो 'गुड' शब्दच फसवा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा एक अर्थ 'पवित्र' असाही होता. बायबलला 'गुड बुक' म्हणतात तेही त्याच अर्थाने. 'गॉड्स फ्रायडे'चा अपभ्रंश होऊन 'गुड' झालं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण त्याला आधार नाही. जर्मन लोक ह्याच दिवसाला शोकाचा शुक्रवार म्हणतात, डेन्मार्कवाले लांब शुक्रवार म्हणतात. आमच्या जुन्या मंडळींनी मात्र इंग्रजीवरून 'उत्तम शुक्रवार' केलं, आणि 'पवित्र' हा अर्थ वाटेत गळाला. त्यामुळे तुझा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी कुठलं तरी पोरगं विचारतंच.

माझ्या आजोबांना विचारलं की ते बरब्बाची गोष्ट सांगायचे. वल्हांडण ह्या यहुद्यांच्या सणाला एक कैदी सोडायची प्रथा होती. रोमन सुभेदार पिलाताने लोकांना विचारलं, कोणाला सोडू? लोक म्हणाले, बरब्बाला. हा बंडात खून करून तुरुंगात पडलेला. तो सुटला, आणि येशू क्रूसावर गेला. आजोबा म्हणायचे, "त्या दिवशी यरुशलेमात एकाच माणसाचा शुक्रवार उत्तम गेला, बरब्बाचा. आणि ख्रिस्ती माणूस म्हणजे कोण, तर आपणच तो बरब्बा आहोत असं मानणारा." शिक्षा माझी, भोगली त्याने. ह्या दिवसाला उत्तम म्हणण्याचं कारण एवढंच आहे. पटो न पटो, हिशेब हा असा आहे.

आता दिवस कसा पाळतो ते. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, लिहिलंय की बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला आणि तीनच्या सुमारास येशूने प्राण सोडला, म्हणून हेच तीन तास. (तू लगेच सूर्यग्रहण म्हणशील. वल्हांडण पौर्णिमेच्या सुमाराला येतो, आणि पौर्णिमेला सूर्यग्रहण होत नाही. यंदा तर परवाच हनुमान जयंती झाली आणि काल आमचा शुक्रवार, म्हणजे चंद्र तुझ्या डोळ्यांसमोर होता.) येशू क्रूसावरून सात वाक्यं बोलला. चार शुभवर्तमानांत ती विखुरलेली आहेत, कुठल्याही एकात सातही सापडत नाहीत. एकेका वाक्यावर एकेक जण बोलतो, मध्ये गीत, प्रार्थना, थोडी शांतता. बरेच जण तीन वाजेपर्यंत पाणीही घेत नाहीत.

यंदा पाचवं वाक्य माझ्याकडे आलं होतं: "मला तहान लागली आहे." सगळ्यांत छोटं, मूळ ग्रीकमध्ये तर एकच शब्द. म्हटलं, सुटलो. पण तयारीला बसलो आणि तिथेच अडकलो. क्रूसावर चढवण्याआधी त्याला गंधरस घातलेला द्राक्षारस देऊ केला होता, आणि तो त्याने घेतला नाही. गंधरसाने वेदना बधिर होतात म्हणून तो देत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नंतर, अगदी शेवटी, तहान लागली म्हटल्यावर शिपायांनी आंब भरलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर लावून तोंडाशी धरला, आणि तो मात्र त्याने घेतला. आंब म्हणजे आंबट, स्वस्तातला द्राक्षारस, शिपाई लोक रोज प्यायचे तोच. दुःख बधिर करणारं नको म्हटलं आणि घसा ओला करणारं घेतलं, का? मला उत्तर दिसलं ते पुढच्याच वाक्यात. आंब घेतल्यावर तो म्हणाला, "पूर्ण झाले आहे." हे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून कोरडा घसा ओला केला असेल. हा माझा तर्क, पाळकसाहेबांचा नाही.

ते सहावं वाक्य मराठीत फार नेमकं उतरलंय. 'संपलं' नाही, 'पूर्ण झालं'. आपण पारायण संपलं म्हणत नाही ना, तसं. हरलेल्या माणसाचा सुस्कारा नाही तो, हाती घेतलेलं काम तडीस गेल्याचं सांगणं आहे. 'उत्तम' कुठून आलं असं बोट ठेवून दाखवायचं तर मी ह्या वाक्यावर ठेवीन.

बोलताना माझी फजितीही झाली. एप्रिलची दुपार, पोटात काही नाही, तिसऱ्या मिनिटाला जीभ टाळ्याला चिकटली. समोर पाण्याची बाटली होती. विषय तहानेचा, आणि बाटली उचलायची की नाही ह्यावर मी भर सभेत थबकलो. पहिल्या बाकावरच्या एका आजींनी हातानेच खूण केली, पी बाबा. प्यायलो.

तीनला तिथून निघालो आणि हिच्याबरोबर क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला गेलो. ही कॅथलिक, तुला माहीतच आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिलेल्या जागेवरचं ते चर्च. कॅथलिकांकडे ह्या दिवशी मिस्सा, म्हणजे नेहमीचा प्रसादाचा विधी, होत नाही, जगात कुठेच नाही. वेदी उघडी, ना कापड, ना मेणबत्ती, ना फुलं. घंटा गुरुवार रात्रीपासून मुक्या. फादर लाल झग्यात आले आणि एक शब्द न बोलता वेदीसमोर जमिनीवर पालथे पडले. एवढी गर्दी, पण पंख्यांचाच काय तो आवाज. मग योहानाच्या शुभवर्तमानातून दुःखसहनाचं वाचन, आणि एकेक जण पुढे जाऊन क्रूसाचं चुंबन घेतो. प्रसाद मिळतो, पण तो गुरुवारीच अभिमंत्रित करून ठेवलेला.

मध्ये दहा प्रार्थना असतात, साऱ्या जगासाठी. सातवी ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी, आठवी देवच न मानणाऱ्यांसाठी. म्हणजे वहिनी सातवीत आणि तू आठवीत. मी हिला कोपराने ढोसलं, तर तिने डोळे वटारले.

घरी येऊन वरण-भात खाल्ला. उद्या ईस्टर, पहाटेच्या उपासनेला चारला उठायचंय, म्हणून इथेच थांबतो. गुलाब आता पाठव, उद्या सकाळी चालेल.

तुझा,
जॉन्या