निबंध न वाचता दिलेले गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी इंग्रजीची तयारी करून घेणारे काही क्लास इंदुरात आता निबंध सॉफ्टवेअरकडून तपासून घेतात. मुलाने निबंध टाइप केला की काही सेकंदांत सहापैकी गुण पडद्यावर येतात. यंत्राला ना ओळख, ना राग-लोभ, म्हणून पालकांचा त्यावर विश्वास बसतो. मी अनेक वर्षं इंग्रजी शिकवलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले, म्हणून हे गुण कशाचे असतात ते लिहावंसं वाटलं.

आमच्या शेजारची मुलगी अशाच एका क्लासला जाते. ‘राजवाडा परिसर वाहनमुक्त करावा का?’ या विषयावर तिने छोटाच पण नेटका निबंध लिहिला होता. वाहनं बंद केली तर दुकानदारांचा माल उतरणार कसा, ही अडचण तिने स्वतःच मांडली आणि सकाळी दुकानं उघडण्याआधीची वेळ मालगाड्यांना द्यावी, असा उपायही सुचवला. गुण मिळाले तीन. मग आम्ही दोघींनी तोच निबंध फुगवला. वाक्यं लांबवली, दर परिच्छेदाच्या तोंडाशी ‘मोरओव्हर’, ‘कॉन्सिक्वेंटली’ बसवलं, ‘मेनी’च्या जागी ‘प्लेथोरा’ घातलं, शेवटी सगळं पुन्हा एकदा सांगितलं. मालगाड्यांचा मुद्दा काढून टाकला आणि अहिल्याबाईंनी राजवाडा १९४७ साली बांधला, असं धडधडीत खोटं वाक्य मुद्दाम घुसवलं. आता गुण आले पाच.

याचं कारण या तंत्राच्या मुळाशीच आहे. १९६६ साली अमेरिकेत एलिस पेज यांनी संगणकाकडून निबंध तपासून घेण्याची कल्पना मांडली, तेव्हाच त्यांनी एक फरक स्पष्ट केला होता. विचारांची सुसूत्रता, शब्दांवरची पकड हे लेखनाचे खरे गुण थेट मोजता येत नाहीत. म्हणून त्यांच्यासोबत सहसा आढळणाऱ्या, मोजता येणाऱ्या खुणा घ्यायच्या: एकूण शब्द, शब्दांची सरासरी लांबी, विरामचिन्हं, वाक्यं जोडणारे शब्द. माणसांनी तपासलेल्या शेकडो निबंधांवरून कोणत्या खुणेला किती वजन द्यायचं ते ठरतं. लांबीने गुण सरळ वाढत जाऊ नयेत म्हणून पेज यांच्या पद्धतीत शब्दसंख्येचं चौथं मूळ घेत. म्हणजे हिशेबात ८१ शब्दांचे ३ धरायचे, २५६ चे ४, ६२५ चे ५. पाल्हाळाचा फायदा हळूहळू घटतो, पण थांबत नाही. अलीकडची मॉडेल्स अशा खुणा स्वतःच शोधून काढतात, त्यामुळे नेमकं काय मोजलं गेलं हे सांगणं उलट अवघड झालं आहे.

ज्याला यंत्राची गंमत ठाऊक नाही, तो चांगलं लिहिणारा विद्यार्थी बहुधा लांबही लिहितो आणि नेमके शब्दही वापरतो. म्हणून यंत्राचे आणि परीक्षकाचे गुण पुष्कळदा जुळतात. पण मुलं खुणांसाठीच लिहू लागली की तो संबंध तुटतो. एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी २०१४ साली विद्यार्थ्यांच्या मदतीने एक प्रोग्रॅम बनवला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त पण निरर्थक निबंध तयार करी, आणि गुण देणारी सॉफ्टवेअर त्याला वरच्या श्रेणीत बसवत.

माणूस चुकत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. गठ्ठ्यातल्या शेवटच्या पेपरापर्यंत हात कधी सैल होतो, कधी आवळतो. अक्षर सुंदर असलं की मन नकळत मऊ होतं. एकच निबंध दोन परीक्षकांकडे दिला तर गुण वेगळे येतात. यंत्र मात्र तोच निबंध रात्री दिला काय, सकाळी दिला काय, तोच आकडा देतं. शुद्धलेखन आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ दाखवण्यात ते उपयोगी आहे. कच्चा खर्डा सुधारताना मुलांनी ते जरूर वापरावं.

परदेशी विद्यापीठांसाठीच्या जीआरई या प्रवेशपरीक्षेतही यंत्र आहेच, पण तिथे निबंध आधी प्रशिक्षित परीक्षक वाचतो. यंत्राचे गुण त्याच्यापासून फार दूर गेले तर दुसरा परीक्षक बसतो. आपल्याकडच्या क्लासमध्ये हा पहिला वाचकच गायब आहे. ज्यांनी फी भरली आहे त्या पालकांनी एवढं तरी मागावं: निबंध शिक्षकाने आधी वाचावा, यंत्राचा आकडा न बघता स्वतःचे गुण लिहावेत, आणि दोन्हींत एकापेक्षा जास्त फरक पडला तर दुसऱ्या शिक्षकाकडून तो निबंध वाचून घ्यावा.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, इंदूर