आमच्या गटाला गाणं देणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

फोनवर आभार मानले की तुम्ही लगेच "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. गाणं छान झालंय हे तर तुम्हाला सगळ्यांनी सांगितलंच आहे. पण त्या गाण्याने आमच्या बचत गटाच्या बैठकीत नेमकं काय बदललं ते नीट कुणी सांगितलंच नाहीये, ते सांगायचंय.

आमच्याकडे आधी एक गाणं होतं तुम्हाला आठवत असेल, कार्यक्रमात म्हणायला लिहिलेलं, त्यात सक्षमीकरण, स्वावलंबन, आर्थिक उन्नती असे शब्द होते आणि चाल एका सिनेमातल्या गाण्याची. तुम्ही ते ऐकून काहीच बोलला नाहीत, फक्त म्हणालात आता हेच टाळी वाजवत म्हणा. सक्षमीकरण हा शब्द कुठल्याच टाळीत बसेना, निम्म्या जणी तिथे गप्प व्हायच्या आणि पुढच्या ओळीला परत यायच्या. मग तुम्ही आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंना अंगाई म्हणायला लावलीत आणि त्यांनी जो सूर धरला तीच पट्टी नव्या गाण्याला ठरवलीत. हे मला फार आवडलं. तुमच्या गळ्याला सोपी असती ती वरची पट्टी घेतली असती तर दुसऱ्या कडव्यात अर्धा गट नुसता ओठ हलवत बसला असता. आता एक जण ओळ म्हणते, बाकीच्या झील धरतात, आणि ध्रुवपद असं की एकदा ऐकलं की नवीन बाईलाही येतं:

ठेव गं बाई ठेव, तुझी ठेव माझी ठेव
मोज गं बाई मोज, साऱ्याजणी मोज

आम्ही हट्ट धरला होता की महिन्याला 200 रुपये हे गाण्यात आलंच पाहिजे. तुम्ही नको म्हणालात, उद्या बचत वाढवली तर गाणं मोडेल, आणि ज्या बाईला एखाद्या महिन्यात जमलं नाही तिला ती ओळ टोचेल. थकलेल्या हप्त्याचं कडवं तर तुम्ही अक्षरशः आमच्याशी भांडून बदलून घेतलंत. आमच्यातल्या काहींना वाटत होतं की नाव घेतलं की वचक बसतो. तुमचं म्हणणं होतं की नाव घेतलं की ती बाई पुढच्या बैठकीला येतच नाही आणि मग पैसेही येत नाहीत, आणि ते पटलं, कारण तसं होऊन गेलं होतं आमच्याकडे. आता आम्ही म्हणतो:

हप्ता कुणाचा राहिला तर नाव नको घेऊ
कारण विचारू तिला, वाट काढून देऊ

पण खरे आभार शेवटच्या ओळीचे. तुम्ही सांगितलं होतं की नायजरमध्ये 1991 ला केअर संस्थेने बायांचे बचत गट सुरू केले, मग ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली, त्यात पैशाच्या पेटीला तीन कुलपं आणि चाव्या तीन वेगळ्या बायांकडे असतात, आणि बैठक संपताना पेटीत किती उरले तो आकडा सगळ्या जणी पाठ करतात, पुढच्या बैठकीत पेटी उघडली की आधी तो आकडा म्हणायचा आणि मगच मोजायचं. तेच तुम्ही आमच्या गाण्यात घातलंत. "सांगा गं सांगा आता, पेटीत किती?" इथे चाल थांबते, आकडा साध्या आवाजात सगळ्यांनी एकदम बोलायचा आणि मग तीन टाळ्या. आकडा चालीत बसवायचा नाही हे तुम्ही ठरवलंत ते किती बरं केलंत! नाहीतर तीन हजार चारशे पंचाहत्तर आला की चालीसाठी पंचाहत्तर खाऊन टाकले असते कुणीतरी.

आता झालं काय ते सांगते. एका बैठकीला पेटीत आधीची शिल्लक 8,350 होती. बारा जणींची 200 प्रमाणे बचत 2,400 आली, एकीच्या कर्जाचा हप्ता 1,500 आणि त्यावरचं व्याज 150, असे झाले 12,400. त्यातून एकीला शिलाई मशीनसाठी 9,000 कर्ज दिलं, उरले 3,400. नोटा सतरंजीवर मांडून मोजल्या, गाणं झालं, तीन हजार चारशे म्हणून टाळ्या झाल्या, आम्ही घरी गेलो. पुढच्या बैठकीत पेटी उघडायच्या आधी वही वाचली तर वहीत 3,250. वाचणारी पुढे जाणार एवढ्यात मागून आवाज आला, "नाही ताई, तीन हजार चारशे." आणि तो आवाज कुणाचा, तर ज्या मावशी पासबुकावर अंगठा देतात त्यांचा! त्यांच्या पाठोपाठ सगळ्याच म्हणाल्या, चारशे चारशे. पेटी उघडून मोजले तर 3,400 च होते. म्हणजे पैसे जागेवर होते, चूक लिहिण्यात होती. फरक 150 चा आणि गेल्या वेळी 150 एकच रक्कम होती, व्याजाची, त्यामुळे शोधायला वेळच लागला नाही. वही घरी जाऊन पक्की करताना मुद्दल उतरलं आणि व्याजाचा रकाना कोरा राहिला. तिथेच दुरुस्त केलं, दोघींनी सही केली.

बाई, गाण्याआधीचे दिवस असते तर मावशी बोलल्याच नसत्या. वाचता न येणाऱ्या बाईने वही लिहिणारीला चूक म्हणायचं म्हणजे तिच्यावर संशय घेतल्यासारखं होतं, मग मनात ठेवायचं आणि नंतर पाणवठ्यावर कुजबुजायचं, आणि गट फुटतात ते याच कुजबुजीने, पैशाच्या टंचाईने नाही असं माझं ठाम मत आहे. इथे मावशींनी कुणावर आरोप केलाच नाही, सगळ्यांनी मिळून म्हटलेला आकडा फक्त परत म्हटला. आणि जिच्या हातून रकाना सुटला तिलाही लाज वाटली नाही, तीच म्हणाली बरं झालं लगेच निघालं, वर्षअखेरीला निघालं असतं तर मी कुठे शोधत बसले असते.

तेव्हापासून वही बैठकीतच पक्की करतो, घरी नेत नाही. गाण्याने आकडा लक्षात राहतो पण तो चुकला कुठे ते वहीच सांगते हे आम्हाला कळलंय. आणि दोन जणी बैठकीला आल्या नसतील तर त्यांना आकडा त्याच दिवशी फोन करून सांगतो, तेही तुम्हीच सुचवलेलं.

बँकेच्या कडव्याबद्दल पण लिहायचं होतं. "एकटीचा आवाज माझा दारातच अडला, साऱ्याजणी बोललो तेव्हा काउंटरला भिडला." हे कडवं आलं की मावशींची टाळी सगळ्यांपेक्षा जोरात पडते, तुम्ही येऊन ऐकाच एकदा.

एक काम पण आहे. पुढच्या महिन्यापासून बचत 300 करतोय, आणि तीन नवीन बायका येतायत. गाण्यातला एक शब्दही बदलावा लागणार नाहीये हे बघून आम्ही सगळ्या तुमचं नाव काढत होतो. पण नवीन आलेल्यांना पहिल्याच दिवशी म्हणता येईल असं एक छोटं कडवं हवंय, कर्ज मागताना लाजायचं नाही आणि कशासाठी हवंय ते सगळ्यांसमोर सांगायचं, एवढंच त्यात आलं पाहिजे. चाल तीच, पट्टी काकूंचीच. ओळी आम्ही जुळवून पाठवतो, टाळीत बसतात का ते तुम्ही बघा.

तुमची,
गटात झील धरणाऱ्यांपैकी एक